एकच गणित, उत्तरं तीन

"मॅडम, लोपितालचा नियम मला तोंडपाठ आहे. पण लिमिटच्या गणितात मी विकलन करत सुटतो आणि दर वेळी वेगळंच उत्तर येतं. थांबायचं नेमकं कुठे?"

परीक्षेच्या दिवसांत हे गाऱ्हाणं माझ्या कानांवर सारखं येतं. ते घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं विकलन चांगलं असतं. मी आधी वही मागते, कारण चूक कुठे झाली हे मुलं सांगतात त्यापेक्षा वही खरं सांगते.

या मुलाच्या वहीत x शून्याकडे जाताना 1/x − 1/(eˣ − 1) ची लिमिट काढायची होती. शेवटी 1/2 लिहून खोडलं होतं, खाली 1/3 लिहून तेही खोडलं होतं, आणि त्याखाली 1/4 पुढे प्रश्नचिन्ह होतं.

त्याआधीचं एक अख्खं पानही त्याने काट मारून रद्द केलं होतं. मी तिथूनच सुरुवात केली.

"इथे काय केलंस?"

"दोन्ही पदं अनंताकडे जातात, म्हणून दोघांचं वेगवेगळं विकलन केलं. पुन्हा अनंत वजा अनंतच आलं."

येणारच. हा नियम भागाकारासाठी आहे, वजाबाकीसाठी नाही. वजाबाकीचं विकलन केलं की त्या फलाचा उतार मिळतो, किंमत नाही. इथे तो उतार −1/12 कडे जातो, आणि आपल्याला हव्या असलेल्या उत्तराशी त्याचा संबंध नाही. म्हणून आधी छेद समान करायचा: (eˣ − 1 − x) / (x(eˣ − 1)). आता x = 0 ठेवलं की वर शून्य, खाली शून्य. नियमाला इथे प्रवेश मिळाला.

अंशाचं वेगळं आणि छेदाचं वेगळं विकलन त्याने बरोबर केलं होतं (इथे भागाकाराचं सूत्र वापरणारेही भेटतात): (eˣ − 1) / (eˣ − 1 + xeˣ). पुन्हा 0/0. आणखी एकदा केल्यावर आलं eˣ / ((2 + x)eˣ).

"इथे x = 0 ठेव."

"वर एक, खाली दोन. 1/2."

"मग खोडलंस का?"

"नियम अजून लागतोय असं वाटलं. eˣ आहे ना, त्याचं विकलन कधी संपतच नाही."

माझ्या मते खरी गाठ इथे आहे. सराव करून करून हात पुढे पळतो आणि 'हे का करतोय' हा प्रश्न मागे राहतो. सूत्र पुन्हा घोकून घेण्यापेक्षा मी कारण विचारते. म्हणून पुढचं विकलन तपासण्याऐवजी मी एवढंच विचारलं, "मुळात उताराने उत्तर का मिळतं?"

बराच वेळ तो गप्प होता. मीही मदत केली नाही. ही शांतता मोडायची नाही, एवढं मला आता जमतं. मग त्याने शून्यातून निघणाऱ्या दोन रेषा काढल्या.

"दोघंही शून्यापासून निघतात, म्हणून थोड्याशा x साठी प्रत्येकाची किंमत म्हणजे उतार गुणिले x. भागाकारात x कटतो आणि उतारांचं गुणोत्तर उरतं." पेन्सिल थांबली. "पण वरचा एकवर असेल आणि खालचा दोनवर, तर ते शून्यापासून निघालेलेच नाहीत!"

नेमकं हेच. तिथे किमती हातात आहेत, उतारांची गरजच नाही. तरीही विकलन केलं की छेद (3 + x)eˣ होतो आणि 1/3 येतं, पुढच्या खेपेला 1/4, असं अनंतकाळ चालू राहतं. पुढचं प्रत्येक उत्तर नीटनेटकं दिसतं, हाच धोका.

म्हणून प्रत्येक विकलनाआधी x ची किंमत ठेवून पाहा आणि '0/0' असं शेजारी लिहा. लिहिता आलं नाही, तर पेन खाली ठेवा. शंका उरली तर x = 0.1 ठेवा: 10 − 9.5083, म्हणजे 0.4917. x = 0.01 ला 0.4992 येतं. यातलं काहीच 1/3 कडे जात नाही.

पुढच्या भेटीसाठी मी त्याला 1/sin²x − 1/x² दिलं. छेद समान केला की (x² − sin²x) / (x² sin²x). तसंच विकलन करत गेलात तर चार वेळा करावं लागतं आणि छेदाचा गुंता होतो. sin x / x ची लिमिट 1 आहे, म्हणून x²/sin²x हा गुणक आधीच बाजूला काढा. छेदात नुसतं x⁴ उरतं. मग पायऱ्या अशा: (2x − sin 2x)/4x³, (2 − 2cos 2x)/12x², 4sin 2x/24x, 8cos 2x/24. पहिल्या तिन्हींशेजारी '0/0' लिहिता येतं, चौथीशेजारी नाही, उत्तर 1/3. त्याने गुणक बाजूला न काढताच सोडवलं, दोन पानं भरली, पण थांबला बरोबर जागी. गुणकाचं मग दाखवलं.