वाक्य ‘ऑन’ने संपलं तर चालतं का?

प्रश्न: इंग्रजीत प्रीपोझिशनने वाक्य संपवू नये आणि ‘टू’ व क्रियापदाच्या मध्ये शब्द घालू नये, असं शाळेत शिकवलं होतं. ऑफिसच्या मेलमध्ये हे नियम अजून पाळायचे का?

पहिला नियम निर्धास्त सोडून द्या. १६७२ मध्ये जॉन ड्रायडनने बेन जॉन्सनच्या नाटकातल्या एका ओळीला दोष दिला, कारण तिच्या शेवटी ‘फ्रॉम’ होतं. तसं का नको, हे त्याने सांगितलं नाही. पुढे आपल्याच एका जुन्या निबंधातली अशी वाक्यंही त्याने बदलली. एका कवीची ही आवड नंतर व्याकरणाच्या पुस्तकांत शिरली. बोलणारे मात्र ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर’ असंच म्हणत राहिले, आणि ‘ही वॉज लाफ्ड ॲट’मधला ‘ॲट’ हलवायला दुसरी जागाच नाही.

आपल्यासाठी या नियमाचा त्रास वेगळा आहे. मराठीत ‘वर’, ‘साठी’ नामाला चिकटून येतात: खुर्चीवर, घरासाठी. ते एकटे मागे राहत नाहीत. त्यात शाळेतली भीती मिसळली की आपण ‘अ चेअर टू सिट’ लिहून थांबतो. मी मसुदे तपासते तेव्हा ही चूक सतत दिसते. तिथे ‘अ चेअर टू सिट ऑन’च हवं. शेवटचा ‘ऑन’ चूक नाही, तो गाळणं चूक आहे.

दुसऱ्या नियमाला थोडा विचार लागतो. हे वाक्य बघा: ‘द मॅनेजर डिसायडेड टू इमिजिएटली स्टॉप पेइंग ओव्हरटाइम.’ नियम पाळायला ‘इमिजिएटली’ हलवून बघू. ‘डिसायडेड इमिजिएटली टू स्टॉप’ केलं, तर निर्णय तडकाफडकी झाला असं वाटतं. ‘टू स्टॉप इमिजिएटली पेइंग’ केलं, तर पैसे लगेच देणं थांबलं, उशिरा मिळतील, असाही अर्थ निघतो. शेवटी टाकला तर या वाक्यात चालेल, पण ‘ओव्हरटाइम’नंतर लांबलचक तपशील आला की तो क्रियापदापासून फार दूर पडतो. मधली जागाच सगळ्यांत स्पष्ट. ‘वी एक्स्पेक्ट सेल्स टू मोअर दॅन डबल’मध्ये तर ‘मोअर दॅन’ दुसरीकडे बसतच नाही.

म्हणून मी शब्द हलवून वाचते. अर्थ तोच राहिला आणि वाक्य अवघडलं नाही, तर बाहेर ठेवते, कारण या नियमावर अडणारे वाचक अजून आहेत. अर्थ सरकला तर शब्द मध्येच ठेवते. मात्र ‘टू’ आणि क्रियापदात सहा-सात शब्दांचा तुकडा घालू नका. वाचणारा क्रियापदाची वाट बघत राहतो. ‘टू नॉट’ही औपचारिक पत्रात टाळा, ‘नॉट टू’ने अर्थ बहुतेक वेळा तोच राहतो.