आभासी पुनरावृत्ती: वीस चौकटी की एक कुंपण?

प्रश्न: ‘स्यूडोरेप्लिकेशन’ला ‘खोटी पुनरावृत्ती’ म्हणावे का? माझ्या प्रयोगात कुंपण घातलेल्या तुकड्यात २० आणि उघड्या तुकड्यात २० चौकटींतले गवत कापून वजन केले. मोजमापे खरी आहेत. मग त्यात खोटे काय?

‘खोटी’ म्हटले की लबाडीचा वास येतो, म्हणून मला ‘आभासी’ बरा वाटतो. मोजमापे खरीच आहेत; आभास आहे तो ती एकमेकांपासून स्वतंत्र असल्याचा. आपल्या ‘पुनरावृत्ती’ शब्दातही एक चकवा आहे. पुन्हा मोजणे आणि उपचार पुन्हा, नव्या जागी देणे या दोन्हींना आपण तेच म्हणतो. सांख्यिकी चाचणीला दुसरा अर्थ लागतो. त्यामुळे ‘पुनरावृत्ती किती?’ याआधी ‘कशाची?’ हे विचारावे. तुमच्या प्रयोगात उपचार म्हणजे कुंपण, आणि ते एकदाच घातले गेले. प्रयोगाचे एकक तुकडा आहे, चौकट नाही. दोन्ही बाजूंना n = 1.

‘स्यूडोरेप्लिकेशन’ हा शब्द रूढ केला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी, १९८४ साली ‘इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स’मधल्या लेखात. ओळखण्याची खूण सोपी आहे: उपचार कोणत्या वस्तूला, चिठ्ठी टाकून, स्वतंत्रपणे दिला गेला? त्या वस्तू मोजा. चाचणीतले स्वातंत्र्यांश त्यापेक्षा जास्त निघाले तर गडबड आहे. तुमच्या टी-चाचणीत ते ३८ येतील, आणि तुकडे तर दोनच.

यातून नुकसान किती होते ते आकड्यांत पाहू. समजा, कुंपण नसतानाही माती, ओल, उतार यांमुळे तुकड्यातुकड्यांत गवताचे प्रचरण ९ आहे आणि एकाच तुकड्यातल्या चौकटींमध्ये ३६. उपचाराच्या सरासरीचे खरे प्रचरण असे:

```
तुकड्यांचे प्रचरण / तुकडे + चौकटींचे प्रचरण / एकूण चौकटी
```

एका तुकड्यात २० चौकटी असतील तर ९ + १.८, म्हणजे १०.८. चाचणीला मात्र फक्त १.८ दिसते, कारण तुकड्यांमधला फरक जोखायला तिच्याकडे दुसरा तुकडाच नाही. प्रचरण सहापट लहान दिसते, टी सुमारे अडीचपट फुगतो आणि कुंपणाचा काहीही परिणाम नसताना शंभरातल्या सुमारे ४० वेळा ‘लक्षणीय फरक’ मिळतो. ठरवलेले होते ५! चौकटी १०० केल्या तरी प्रचरण ९.३६ पर्यंतच उतरते. ते ९ जागचे हलत नाहीत.

आता त्याच २० चौकटी वेगळ्या वाटा. पाच ठिकाणे निवडा. प्रत्येक ठिकाणी शेजारीशेजारी, शक्य तितके सारखे दोन तुकडे आखा आणि नाणे उडवून एकाला कुंपण घाला. प्रत्येक तुकड्यात चार चौकटी घ्या. प्रचरण होते १.८ + १.८ = ३.६. कापायचे गवत तेवढेच, अचूकता तिप्पट. (कुंपणाचा खर्च वाढतो, हे खरे. बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते.) नाणे प्रत्येक ठिकाणी वेगळे उडवायचे. सगळी कुंपणे ओढ्याकडच्या बाजूला आली तर तुकडे पाच असूनही कुंपणाचा परिणाम आणि ओल वेगळी काढता येणार नाही.

विश्लेषण करताना चार चौकटींची सरासरी काढा, प्रत्येक ठिकाणी कुंपण वजा उघडा असा एक फरक घ्या आणि त्या पाच फरकांवर जोडीची टी-चाचणी लावा. स्वातंत्र्यांश ४, उंबरठा २.७८. पूर्वीच्या २.०२ पेक्षा तो कडक आहे, पण प्रामाणिक आहे. परवडत असेल तर सहावी जोडी घ्याच. पाचही फरक एकाच दिशेने गेले तरी चिन्ह-चाचणीत दुहेरी p ०.०६२५च्या खाली जात नाही. सहा जोड्यांत तो ०.०३१ होतो. सरासरी काढणे म्हणजे माहिती फेकणे असे वाटत असेल तर R मध्ये lme4 पॅकेज घेऊन मिश्र प्रारूप लावता येते:

```
lmer(biomass ~ fence + (1 | site/plot), data = d)
```

प्रत्येक तुकड्यात चौकटी सारख्या असतील तर कुंपणाच्या परिणामाचा निष्कर्ष सहसा तोच येतो. मात्र एकच कुंपण असलेल्या जुन्या माहितीला कोणतेही प्रारूप वाचवत नाही.

याच कुळातली आणखी दोन रूपे आहेत. एकाच तुकड्यात दर महिन्याला मोजून बारा महिन्यांना बारा पुनरावृत्ती म्हणणे हे एक. खरे पाच तुकडे असूनही त्यांच्या चौकटी एकाच ढिगात टाकणे हे दुसरे. यात हाती असलेली चांगली रचना आपणच वाया घालवतो.

आणि तुमची आधीची माहिती? या दोन तुकड्यांतले गवत वेगळे होते, एवढे तिच्यावरून म्हणता येईल. सरासऱ्या आणि आलेख द्या, कुंपणाच्या नावाने p देऊ नका. नव्या प्रयोगाच्या पद्धतीत ‘n = २०’ ऐवजी लिहा: ‘पाच जोड्या, प्रत्येक तुकड्यात चार उपनमुने, n = ५’.