‘नावापुरतं राहा’ म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न : गावातल्या संस्थेने कार्यकारिणीत या म्हणून विचारलंय. माझ्या कामाच्या व्यापात ते शक्य नाही. पण नकार दिला तर मला संस्थेबद्दल आस्था नाही असं वाटेल. कसं सांगू?

आस्था नाही असं कुणाला वाटायचं असेल तर ते वाटणारच, त्याला इलाज नाही. माझ्या चुलत दिरांना आजही वाटतं. पण बाकीच्यांना वाटू नये एवढं आपल्या हातात असतं.

आमची रत्नागिरी तालुक्यात आंब्याची बाग आहे. सासरे गेल्यापासून फवारणीपासून पेट्या वाशीला जाईपर्यंतचं सगळं मीच बघते. गावातल्या वाचनालयाची मी लग्न होऊन आल्यापासूनची वर्गणीदार. चार वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी वाचनालयाचे सेक्रेटरी घरी आले, पडवीत बसले, चहा झाला आणि म्हणाले, “वहिनी, यंदा खजिनदार तुम्ही व्हायचं.” सोबत आमचे हे भावोजी होतेच.

कोकणातल्या कुठल्याही छोट्या संस्थेत खजिनदाराचं खरं काम मार्चमध्ये सुरू होतं. वर्षभराची व्हाउचरं लावायची, रोकडवही आणि बँकेचं पासबुक जुळवायचं, 31 मार्चला वर्ष बंद करायचं आणि मग कागद घेऊन ऑडिटरच्या मागे लागायचं. शासनाचं अनुदान घेणारं वाचनालय असेल तर त्या पैशाचा खर्च कशावर झाला ते वेगळं दाखवावं लागतं. आणि माझा हापूस उतरतो मार्च ते मे. त्या दिवसांत पहाटे गडी बागेत जायच्या आत मी उठलेली असते, संध्याकाळी पेंढा घालून पेट्या भरेपर्यंत पाठ टेकत नाही. त्यात थ्रिप्स आला किंवा अवकाळी पाऊस झाला की विचारूच नका.

म्हणून मी तिथेच, चहाचा कप हातात असताना सांगितलं : “काका, खजिनदारपद मला जमणार नाही. मार्च ते मे मी हिशेबाला हात लावू शकत नाही आणि तुमचा हिशेब नेमका तेव्हाच असतो. माझं नाव यादीत घालू नका. पण पावसात मी मोकळी असते. जून ते ऑगस्ट ग्रंथ पडताळणी मी करून देते.”

पडताळणी म्हणजे दाखल नोंदवहीतला एकेक नंबर घेऊन पुस्तक कपाटात आहे का, कुणाकडे आहे का, की गेलंच, हे बघणं. आमच्याकडे ते कित्येक वर्षं नीट झालं नव्हतं, कारण ते कुणालाच नको असतं. खालच्या खणात वाळवी, वरच्या खणात कसर आणि भिंतीला ओल. सेक्रेटरी काकांचा चेहरा खुलला. त्यांना माझं नाव नको होतं, कामाचा माणूस हवा होता.

भावोजींना मात्र नावच हवं होतं. म्हणाले, “अहो वहिनी, नावापुरतं राहा. सह्या करायच्या फक्त. बाकी आम्ही बघतो.” मी नाही म्हटल्यावर गावभर सांगत फिरले की वहिनींना वाचनालयापेक्षा पेट्या मोठ्या. हो, आहेत. त्या पेट्यांवर माझ्या मुलांच्या फिया भरल्या जातात.

‘नावापुरतं’ हा सल्ला ज्यांनी कधी संस्थेचं काम केलं नाही तेच देतात, हे माझं ठाम मत आहे. आमचे आधीचे खजिनदार मुंबईला राहणारे. फलकावर नाव झळकत होतं, गणपतीला आणि शिमग्याला येत होते. बँकेचं खातं दोघांच्या सहीचं. म्हणजे चेकवर त्यांची सही हवी, आणि ते मुंबईत. ग्रंथपाल बाईंचा तुटपुंजा पगारसुद्धा त्यांच्या फेरीची वाट बघत अडकायचा. शिवाय विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 22 खाली बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्यावा लागतो. तुमचं नाव तिथे नोंदलं गेलं की तुम्ही कागदोपत्री जबाबदार. पुढे ऑडिटमध्ये काही निघालं तर “मी फक्त सही करत होते” हे कुणी ऐकून घेत नाही. आणि बाहेर पडायचं म्हटलं की राजीनामा, तो सभेत मंजूर होणं, पुन्हा बदल अर्ज. आत जाण्यापेक्षा बाहेर यायला जास्त वेळ लागतो.

तर तुमच्यासाठी. नकार ज्याने विचारलं त्यालाच आणि लवकर द्या, वार्षिक सभेची विषयपत्रिका निघायच्या आत. त्यांना दुसरा माणूस शोधायला वेळ मिळाला की राग राहत नाही. सभेत सगळ्यांदेखत नाव पुकारल्यावर उठून नाही म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याचा अपमान, आणि आस्था नाही हा शिक्का तिथेच बसतो. “बघू, कळवते” असं तर अजिबात म्हणू नका. आमच्याकडे ते होकारच धरतात आणि आठवड्याने तुमचं नाव यादीत दिसतं.

कारण सांगताना “खूप काम आहे” एवढ्यावर सोडू नका, काम कुणाला नाही? तुमचे अडलेले महिने सांगा आणि त्या पदाचं कुठलं काम त्याच महिन्यांत येतं ते सांगा. असं बोललं की तुम्हाला पदाचं काम माहीत आहे, हे समोरच्याला दिसतं. आणि जमेल असं एकच काम द्या, सुरुवात आणि शेवट असलेलं. “काही लागलं तर सांगा” म्हटलं की कुणी काही सांगत नाही, किंवा मग सगळंच सांगतात.

तोंडी बोलल्यावर मी चिठ्ठीही दिली होती. ती अशी :

“मा. सेक्रेटरी यांस, स.न. कार्यकारिणीसाठी माझा विचार केलात याबद्दल आभारी आहे. मार्च ते मे आंब्याच्या हंगामामुळे खजिनदारपदाचं काम मी वेळेवर करू शकणार नाही, म्हणून माझं नाव यादीत घेऊ नये ही विनंती. येत्या जून ते ऑगस्टमध्ये ग्रंथ पडताळणी मी करून देईन. वर्गणीदार म्हणून वार्षिक सभेला येईनच.”

शेवटची ओळ लिहिलीत तर पाळा. वर्गणी थकवून आणि सभेला दांडी मारून आस्था दाखवता येत नाही.

आता थोडं उलट बाजूनेही. गाव अगदी लहान असेल, तुमच्यावाचून गणपूर्तीच होत नसेल, तर पद नको म्हणा पण साधं सदस्यत्व घ्या, सभा तुमच्या मोकळ्या महिन्यांत ठेवा अशी अट घालून. आणि तुम्हाला खरोखरच त्या संस्थेत रस नसेल तर बदल्यात काम देऊ करू नका, नुसतं जमणार नाही म्हणा. देऊ केलेलं काम अर्धवट टाकलंत तर नकारापेक्षा वाईट दिसतं. तुमचं नाव न विचारता आधीच यादीत घातलं असेल तर लगेच लेखी कळवा, पोच घ्या, आणि पुढच्या सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद झाली का ते स्वतः वाचून बघा. भावोजींच्या ‘आम्ही बघतो’वर विसंबू नका.