इंग्रजी लिहिताना काळ मिसळतात, रोजचा सराव कसा करू?

सर, मी सोलापूरला अकरावीत आहे. इंग्रजी निबंधात एकाच परिच्छेदात ‘गो’, ‘वेन्ट’, ‘हॅड गॉन’ सगळं येतं. रोज काय करू?

रोज कालच्या दिवसावर सहा वाक्यं लिही आणि नंतर फक्त क्रियापदं अधोरेखित करून तपास. वह्या तपासताना मला दिसतं की घोळ बहुतेक वेळा मराठीतल्या ‘होतो’चा असतो. ‘काल मी सिद्धेश्वरला गेलो होतो’ हे मराठीत अगदी सहज, पण ते जसंच्या तसं उचललं की ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ होतं. तिथे साधं ‘वेन्ट’ हवं. ‘हॅड’ दिसला की विचार: ही गोष्ट दुसऱ्या भूतकाळी गोष्टीच्या आधी घडली का? ‘मी पोचलो तेव्हा आरती संपली होती’ यात संपणं आधीचं, म्हणून तिथे ‘हॅड एन्डेड’ बरोबर. बाकीचे ‘हॅड’ खोड. मग ‘गो’, ‘सी’ राहिलेत का ते बघ. गोष्ट रंगात आली की आपण नकळत ‘मी बघतो तर काय’ असं वर्तमानात शिरतो. दुसऱ्या दिवशी तीच सहा वाक्यं न बघता पुन्हा लिही, हे टाळू नकोस. मात्र सगळंच भूतकाळात ढकलू नकोस: सिद्धेश्वरचं देऊळ तळ्यात आजही आहे, म्हणून त्या वाक्यात ‘इज’च राहील.