Z दिसला की साडेपाच तास मिळव

उद्यमबागेतल्या कारखान्याची बिलं बघायला लागलास, तर तारखेआधी शेवटचं अक्षर बघ. मी पहिल्या वर्षी तिथंच चुकलो होतो. नोंद अशी होती:

```
2025-03-31T19:10:00Z
```

मी ३१ मार्च वाचून बिल जुन्या आर्थिक वर्षात टाकलं. T नुसता तारीख आणि वेळ वेगळी करतो, पण Z म्हणजे ही वेळ यूटीसीची, जगभर धरतात त्या प्रमाण वेळेची. आपण साडेपाच तास पुढं. १९:१० मध्ये ते मिळवले की २४:४०, म्हणजे बेळगावात १ एप्रिल उजाडून रात्रीचे १२:४० झालेले. वर्षच बदललं की!

तोच क्षण असाही येतो:

```
2025-04-01T00:40:00+05:30
```

इथं काही मिळवू नकोस. ही आपलीच घड्याळातली वेळ आहे, अधिक चिन्ह फक्त सांगतं की ती यूटीसीच्या किती पुढं आहे. नवीन पोरं हमखास इथं पुन्हा साडेपाच तास मिळवतात. यूटीसी हवी असेल तर अधिकवाले तास वजा करायचे. उणे असेल तर उलट: न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाकडं हाच क्षण `15:10:00-04:00` दिसेल, त्यात चार तास मिळव, १९:१० येतात.

शेवटी काहीच नसेल तर अंदाज करू नकोस, पाठवणाऱ्याला विचार.