आतल्या माणसाचं नाव

प्रश्न: मॅस्कॉटच्या वेशात जो माणूस असतो त्याचं नाव कधीच का सांगत नाहीत? फोटोखाली फक्त पात्राचंच नाव का?

कारण नाव जोडलं की पात्र त्या एकाच माणसाचं होऊन बसतं, आणि ते तसं नसतं. मी हे काम केलंय, पणजीजवळच्या एका मॉलसाठी, म्हणून लिहिते. पात्र कुठलं ते सांगणार नाही. माझं नाव आणि पात्राचं नाव एकत्र आणायचं नाही अशी करारात अट होती, वेगवेगळी कितीही घ्या.

समजा, हत्ती होता. हत्ती म्हणजे 'तो', आणि आत मी, पाच फुटांची बाई. दुपारी मी, संध्याकाळी कॉलेजातला एक मुलगा. पोरांच्या लेखी हत्ती एकच. दिसायचं तोंडातल्या जाळीतून, डोळे नुसते रंगवलेले. हनुवटीखालचं काहीच दिसत नाही, त्यामुळे पायाशी आलेलं मूल सोबत चालणाऱ्या माणसाने पाठीवर थाप मारली तरच कळतं. डोक्यात बॅटरीवरचा छोटा पंखा असतो, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात तो गरम हवाच फिरवतो. वीसेक मिनिटांनी आत जायचं, आणि दार लागल्याशिवाय डोकं काढायचं नाही. बोलायचं तर नाहीच, कारण माझा आवाज एक आणि त्या मुलाचा दुसरा.

सुरुवातीला तो मुलगा डाव्या हाताने टाटा करायचा, मी उजव्या. नेहमी येणारी एक चिमुरडी त्याला बघून आईला कोकणीत म्हणाली, "हो तो न्हय!", म्हणजे हा तो नव्हे. त्या दिवसापासून आमच्या खोलीत एक कागद चिकटवला: आधी दोन्ही हात गालांवर, मग उजवा हात कोपरातून हलवायचा, मूल रडलं तर मागे सरून खाली बसायचं. तो कागद म्हणजे पात्र. मी आणि तो मुलगा तो कागद पाळणारे.

मग पेपरात फोटो आला, खाली फक्त हत्तीचं नाव. आमचे मामा फोंड्याकडच्या उत्सवी नाटकांत आयुष्यभर उभे राहिलेले. ते खवळले. "आमच्या हस्तपत्रिकेवर द्वारपालाचंसुद्धा नाव छापतात, आणि तू कोण, भूत?" चतुर्थीला सगळ्यांसमोर हाच विषय. मामा, नाटकात प्रेक्षक तुम्हाला ओळखून तुमचा द्वारपाल बघायला येतात. आमच्याकडे ओळख पटली की खेळ संपला. शिवाय त्या फोटोत मी होते की तो मुलगा, हे मलाच सांगता येत नव्हतं, छापायचं कोणाचं? २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मोगा, आपला गवा, गोवाभर दिसत होता. मामांनी स्वतः नातवाचा त्याच्यासोबत फोटो काढला, आत कोण ते विचारलं नाही.

मालकाला भीती निराळीच असते. अमेरिकेत सॅन डिएगोच्या केजीबी रेडिओच्या कोंबडीच्या वेशात १९७४ पासून टेड जियानूलस हा तरुण असायचा. लोकांना कोंबडीइतकाच तो ठाऊक झाला. १९७९ मध्ये भांडण झालं, स्टेशनने त्याला काढलं आणि कोर्टात गेलं. त्याने कुठलाच कोंबडीचा वेश घालू नये इतकी सरसकट बंदी अपील कोर्टाने टिकू दिली नाही. वेश मालकाचा, पण नाचण्याची, खोड्या काढण्याची कला त्याची. असं होऊ नये म्हणूनच कंपन्या आतल्याला अनाम ठेवतात. डिस्नेतले लोकसुद्धा 'मी मिकी होते' म्हणत नाहीत, 'मी मिकीची मैत्रीण' म्हणतात.

आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ३८ब आलं. कलाकाराला आपली ओळख मागण्याचा हक्क त्यात आहे, पण सादरीकरणाच्या वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावं लागत असेल तर तो लागू होत नाही. मी वकील नाही, पण मुखवट्याचं काम या अपवादात सहज बसतं असं मला वाटतं. त्याच कलमात दुसरा हक्कही आहे: सादरीकरणाची मोडतोड करून तुमच्या नावलौकिकाला धक्का लावला तर आक्षेप घेता येतो. तो नाव न छापल्याने जात नाही.

एका बाबतीत मात्र मामा बरोबर होते, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. एजन्सीने मला अनुभवाचं पत्रच दिलं नाही, 'गुप्तता' म्हणे. हा शुद्ध चावटपणा. गुप्तता लोकांपुढे असते, पगाराच्या पावतीवर आणि विम्याच्या कागदावर नव्हे. वेशात चक्कर येऊन पडलात तर दवाखान्यात हत्तीच्या नावाने केसपेपर काढणार का? तुम्ही हे काम धरणार असाल तर सही करण्याआधीच पत्राचा मजकूर ठरवून घ्या: 'वेशधारी पात्र कलाकार म्हणून अमुक ते अमुक काळ काम केले.' पात्राचं नाव नसलं तरी पुढची एजन्सी ते ओळखते.