फोटोवरची दाढी खरी वाटण्यासाठी

प्रश्न: फोटोवर दाढी लावून पाहिली, पण चिकटवल्यासारखी दिसते. खरी कशी दिसेल?

उत्तर: दाढीचे तयार चित्र न वापरता, तीन-चार दिवस दाढी न करता समोरून व दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि त्यातल्या खुंटांनाच नकाशा मानून वेगळ्या लेयरवर बारीक ब्रशने केस रेखाटा. याचे कारण असे, की केस सर्वत्र एकाच दिशेने वाढत नाहीत: गालावर ते साधारणपणे खाली उतरतात, मिशीत नाकाखालच्या खळीपासून दोन्ही बाजूंना पांगतात, तर गळ्यावर बऱ्याच जणांचे आडवे किंवा चक्क वर वळलेले असतात. दाटपणाही असमान असतो. हनुवटीवर भरगच्च, गालाच्या वरच्या कडेला तुरळक, आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यांखाली पुष्कळदा लहानसा मोकळा ठिपका. तो ठिपका भरला किंवा गालाची कड सरळ रेघेत कापली, की चित्र तिथेच फसते, म्हणून कडेला केस एकेक करून विरळ होऊ द्या आणि केसांखाली त्वचेवर फिकट सावलीचा थर द्या. मात्र खुंटांच्या फोटोत जिथे केसच नाहीत, तिथे चित्रातही ते वाढवू नका. शेजारचे लांब केस ती जागा फार तर झाकतील.